वाचनगटासाठी विज्ञानाच्या पुस्तकाचा सारांश: ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ घेऊन एक पूर्ण उदाहरण

वाचनगटात विज्ञानाचं पुस्तक मांडायची पाळी आली की बहुतेक जण पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करतात आणि प्रत्येक प्रकरणात काय आहे ते सांगत जातात. वीस मिनिटं संपतात तेव्हा गाडी सहाव्या प्रकरणापर्यंत पोचलेली असते. ऐकणाऱ्यांच्या हाती चार-दोन रंजक किस्से लागतात, पण लेखकाचं म्हणणं काय आणि ते का पटावं, हे कळत नाही. हा लेख ते टाळण्यासाठी आहे. उदाहरणासाठी जॅरेड डायमंड यांचं १९९७ सालचं ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ घेतलं आहे. त्याचा दावा मोठा आहे, पुरावे नाना प्रकारचे आहेत आणि त्यांतले काही आता जुने झाले आहेत. त्यामुळे सारांश करताना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका पुस्तकात भेटतात.

काय काय लागेल

पुस्तकाची स्वतःची प्रत घ्या, म्हणजे समासात पेन्सिलने खुणा करता येतील. वाचनालयाची प्रत असेल तर चिकटचिठ्ठ्या वापरा. पोस्टकार्डाच्या आकाराची पंधरा-वीस कोरी कार्डं आणि शेवटी गटाला वाटायला एक ए-फोर पान, एवढं पुरतं. वेळ मात्र हाताशी ठेवा: साडेचारशे पानांचं पुस्तक असेल तर बैठकीच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा आणि शेवटचा आठवडा फक्त लिहिण्यासाठी राखा.

१. आधी प्रश्न शोधा, मग पुस्तक वाचा

सुरुवातीला फक्त अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि उपसंहार वाचा. लोकांसाठी लिहिलेल्या विज्ञानाच्या पुस्तकात लेखक आपला प्रश्न बहुधा इथेच सांगून टाकतो. डायमंड यांच्या प्रस्तावनेत तो प्रश्न न्यू गिनीतले राजकीय कार्यकर्ते याली १९७२ साली विचारतात: तुम्हा गोऱ्या लोकांकडे एवढा माल कसा आला आणि आमच्याकडे आमचा म्हणावा असा इतका थोडाच का?

हा प्रश्न पहिल्या कार्डावर आपल्या शब्दांत लिहा. त्याखाली लेखकाने आखून घेतलेल्या मर्यादा लिहा. या पुस्तकाची काळमर्यादा मोठी आहे, शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीपासून म्हणजे साधारण १३,००० वर्षांची. तुलना खंडांची आहे, देशांची नाही. हे कार्ड शेवटपर्यंत समोर ठेवा. बैठकीत कुणीतरी हमखास विचारतं, “मग इंग्लंड पुढे गेलं आणि स्पेन मागे पडलं ते का?” पुस्तकाचा मुख्य भाग हा प्रश्न घेतच नाही, हे सांगायला तुमच्याकडे आधार हवा.

२. दावा एका वाक्यात लिहा आणि तो तपासा

पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण असं काहीतरी लिहितात: “हे पुस्तक मानवी इतिहासावर भूगोल, रोगराई आणि तंत्रज्ञान यांचा कसा परिणाम झाला ते सांगतं.” हा विषय झाला, दावा झाला नाही. ओळखायची खूण सोपी आहे. त्या वाक्याला कुणी “नाही, मला नाही पटत” असं म्हणू शकतं का ते पाहा. वरच्या वाक्याशी कुणाचाच वाद होणार नाही.

दुसरा प्रयत्न असा: “खंडाखंडांतल्या समाजांचे इतिहास वेगळे झाले ते तिथे माणसाळवता येतील अशी जनावरं व पिकं किती होती आणि खंडाचा आकार कसा होता यामुळे, माणसांच्या उपजत बुद्धीत किंवा वंशात फरक होता म्हणून नव्हे.” इथे वाद घालता येतो. शिवाय लेखक कुणाच्या विरोधात उभा आहे तेही दिसतं. हा दुसरा अर्धा भाग सारांशात हटकून गळतो, आणि तो गळला की पुस्तकाची धारच जाते. नाकारलेलं स्पष्टीकरण दाव्याच्या वाक्यात आलंच पाहिजे.

वाक्य चाळीस शब्दांच्या वर गेलं तर समजा की त्यात पुरावा घुसला आहे. तो बाहेर काढा.

३. ‘का?’ विचारत मागे जा आणि साखळी लिहा

आता पूर्ण पुस्तक वाचा. वाचताना प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकच गोष्ट ठरवायची: हे प्रकरण साखळीतला दुवा आहे, एखाद्या दुव्याचा पुरावा आहे, की नुसता विस्तार आहे?

या पुस्तकात साखळी शेवटाकडून सुरुवातीकडे नेणं सोपं जातं, कारण लेखक स्वतःच जवळची कारणं आणि मूळ कारणं वेगळी करतो. तिसऱ्या प्रकरणातली घटना घ्या. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी पेरूमधल्या काहामार्का इथे स्पॅनिश सेनानी पिझारो १६८ सैनिक घेऊन आला आणि त्याने इंका सम्राट अताहुआल्पाला पकडलं. सम्राटाभोवती हजारोंची फौज होती. हे कसं जमलं? स्पॅनिशांकडे पोलादी तलवारी, चिलखतं, घोडे आणि बंदुका होत्या. शिवाय देवीची साथ त्यांच्याआधीच पोचली होती. तिच्यात आधीचा सम्राट गेला आणि गादीसाठी यादवी पेटली होती. ही जवळची कारणं.

मग विचारा: पोलाद, जहाजं, लिपी आणि साथीचे रोग स्पॅनिशांकडेच का? कारण त्यांच्यामागे दाट वस्तीचे, कारागीर आणि कारकून पोसू शकणारे समाज होते. दाट वस्ती कशामुळे? शेतीतून उरणाऱ्या धान्यामुळे. शेती तिथे लवकर आणि भरपूर का? कारण माणसाळवता येतील अशा रानटी वनस्पती आणि जनावरं तिथे जास्त होती, आणि युरेशिया पूर्व-पश्चिम पसरलेला असल्याने एका जागची पिकं त्याच अक्षांशावर दूरवर रुजू शकली. इथे लेखक थांबतो. ही मूळ कारणं.

आता एकेक दुवा एकेका कार्डावर लिहा. या पुस्तकाचे चार-पाच दुवे होतात. आठच्या वर गेले तर तुम्ही पुरावे दुवे म्हणून मोजता आहात. शेवटच्या भागातली ऑस्ट्रेलिया, चीन, आफ्रिका वगैरे प्रकरणं, म्हणजे १५ ते १९, वाचायला छान आहेत, पण त्यांत नवा दुवा नाही. तीच साखळी एकेका प्रदेशाला लावून पाहिली आहे. सारांशात त्यांना दोन ओळी पुरतात. मन घट्ट करून ती सोडून द्या.

४. एका दुव्याचा पुरावा मुळापासून उलगडा

सगळे पुरावे थोडे थोडे सांगितले तर एकही पटत नाही. ज्याच्यावर साखळी सगळ्यात जास्त उभी आहे असा एक दुवा निवडा आणि त्याचा पुरावा पूर्ण मांडा. या पुस्तकात तो नवव्या प्रकरणातला, जनावरांचा.

कार्डावर पाच गोष्टी येऊ द्या: दावा, आकडे, आकडे कसे मोजले, लेखक कोणती शंका स्वतः घेतो, आणि पुरावा कुठे डळमळतो. भरलेलं कार्ड असं दिसतं.

दावा: मोठी जनावरं माणसाळवली गेली की नाही हे जनावरांवर ठरलं, माणसांवर नाही.

आकडे: साधारण ४५ किलोंपेक्षा जड, जमिनीवरच्या, शाकाहारी किंवा मिश्राहारी सस्तन प्राण्यांच्या जगात १४८ जाती लेखकाने धरल्या आहेत. त्यांतल्या १४ माणसाळल्या. युरेशियात ७२ पैकी १३, दोन्ही अमेरिकांत २४ पैकी १ (लामा आणि अल्पाका एकच धरून), सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ५१ पैकी एकही नाही, ऑस्ट्रेलियात एकच उमेदवार आणि तोही नाही.

मोजणीची अट: माणसाळवणं म्हणजे पिढ्यानपिढ्या माणसाच्या ताब्यात पैदास होणं. ही अट ठळक लिहून ठेवा, कारण आपल्याकडच्या गटात पहिला प्रश्न येतो तो “मग हत्ती?” हा. हत्ती रानातून पकडून शिकवले जातात; त्यांची गाईगुरांसारखी पैदास करून वेगळी जात तयार झालेली नाही. लेखक याचं उत्तर देतो: हत्तीचं पिल्लू कामाचं होईपर्यंत दहा-पंधरा वर्षं पोसायची कुणाची तयारी असणार? म्हशीचा मात्र चौदांत समावेश आहे.

लेखक घेतो ती शंका: आफ्रिकेतल्या लोकांनी प्रयत्नच केला नसेल तर? त्यावर त्याची उत्तरं अशी. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हाती युरोपीय घोडे लागले तेव्हा त्यांनी ते झपाट्याने आपलेसे केले, म्हणजे माणसांत काही कमी नव्हतं. आणि अलीकडच्या काळात, सगळं शास्त्र हाताशी असताना, इलंड या मोठ्या आफ्रिकी हरणासारख्या प्राण्यांना माणसाळवायचे प्रयत्न झाले तेही फारसे साधले नाहीत. झेब्रा तर वयात आला की चावरा होतो आणि चावला की सोडत नाही. खाणं, वाढीचा वेग, बंदिवासात पैदास, स्वभाव, बिथरण्याची सवय आणि कळपाची रचना या सहांपैकी एक गोष्ट जरी आड आली तरी जनावर बाद होतं.

पुरावा कुठे डळमळतो: अमेरिकेचे २४ उमेदवार मोजले आहेत ते तिथले बरेच मोठे प्राणी नष्ट झाल्यानंतरचे. त्यांत तिथले रानटी घोडेही होते. ते शिकारीने संपले की हवामान बदलल्याने, यावर अभ्यासकांत वाद आहे. लेखक शिकारीच्या बाजूने झुकतो. दुसरं, आज जे जनावर चिडकं दिसतं त्याचा पूर्वजही तसाच होता, हे सिद्ध करणं अवघड आहे. गाईचा रानटी पूर्वजही काही गरीब नव्हता.

एवढं एक कार्ड नीट भरलं की तुमच्या वीस मिनिटांतली सात मिनिटं तयार झाली.

५. बाकीच्या पुराव्यांना जात लावा

उरलेल्या प्रत्येक दुव्यासाठी एकच पुरावा निवडा आणि तो कोणत्या जातीचा आहे ते कोपऱ्यात लिहा. पुरावा किती वजन पेलेल हे त्यावरून कळतं.

जनावरांची ती मोजणी झाली. दुसऱ्या प्रकरणातला पॉलिनेशियाचा, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांचा, पुरावा हा नैसर्गिक प्रयोग. एकाच पूर्वजांचे वंशज वेगवेगळ्या बेटांवर गेले. न्यूझीलंडच्या माओरींना शेती करता आली. त्यांच्यापासून निघालेले मोरिओरी चॅटम बेटांच्या थंडीत पोचले, तिथे त्यांची उष्ण प्रदेशातली पिकं येईनात, आणि ते शिकार-मासेमारीकडे परतले. १८३५ साली माओरींनी येऊन त्यांचा संहार केला. वंश तोच, पर्यावरण वेगळं, शेवट इतका वेगळा. दाव्याच्या दोन्ही अर्ध्या भागांना एकदम भिडणारा असा दुसरा पुरावा पुस्तकात नाही, म्हणून वेळ कमी असला तरी हा ठेवाच.

खंडाच्या आडव्या-उभ्या पसरण्याचा पुरावा हा पसरण्याच्या नोंदींचा आहे. त्यातलं एक उदाहरण पुरतं: मेक्सिकोत चाकं लावलेली खेळणी होती, अँडीज पर्वतात ओझी वाहणारा लामा होता, पण मधल्या उष्ण सखल प्रदेशामुळे दोन्हींची कधी गाठ पडली नाही आणि गाडी तयार झाली नाही.

काहामार्का हे मात्र दृष्टान्त म्हणून मांडा. ती एकच घटना आहे आणि तिथल्या तपशिलाचा आधार मुख्यतः स्पॅनिशांनी लिहून ठेवलेल्या हकिगती आहेत. जिंकणाऱ्याने सांगितलेल्या शत्रूच्या फौजेच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये. इथेच नवखे फसतात: घटना थरारक असते, म्हणून तीच मुख्य पुरावा होऊन बसते आणि तिला अर्धा वेळ जातो. तिचं काम साखळी कुठून ओढायला लागायची ते दाखवण्यापुरतं आहे. तिला दोन मिनिटं द्या.

६. प्रकाशनाचं साल पाहा आणि एक-दोन पुरावे ताडून घ्या

विज्ञानाचं पुस्तक वीस-पंचवीस वर्षांचं झालं की त्यातले काही पुरावे बदललेले असतातच. सगळं तपासायला वेळ नसतो. ज्या शाखेत मधल्या काळात नवं साधन आलं तेवढं तपासा. या पुस्तकासाठी ते साधन म्हणजे जंतूंचा जनुकीय अभ्यास, आणि तपासायचं प्रकरण अकरावं.

त्यात एक तक्ता आहे: माणसाचा कोणता रोग कोणत्या पाळीव प्राण्याकडून आला. क्षयरोगापुढे गुरं आहेत, गंभीर मलेरियापुढे पक्षी. २००२ मध्ये क्षयजंतूंच्या जनुकांची तुलना झाली आणि गुरांचा क्षयजंतू हा माणसाच्या क्षयजंतूचा पूर्वज नाही असं दिसलं. २०१० मध्ये गंभीर मलेरियाच्या परजीवीचं मूळ गोरिलांमध्ये सापडलं. म्हणजे तक्त्यातल्या या दोन ओळी आता तशाच वाचून दाखवता येत नाहीत. गोवराचा विषाणू गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे, ही ओळ टिकून आहे.

आता निर्णय: यामुळे साखळी तुटते का? ‘जनावरांच्या सहवासातून रोग आले’ हा दुवा सैल होतो. ‘दाट वस्तीत रोग टिकले, तिथल्या लोकांत प्रतिकारशक्ती आली आणि नव्या खंडात त्यांनी हाहाकार माजवला’ हा दुवा तसाच राहतो. गटाला नेमकं हेच सांगा. “पुस्तक चुकीचं ठरलं” किंवा “किरकोळ दुरुस्त्या आहेत” अशा वाक्यांनी कुणाला काही कळत नाही; कोणता दुवा किती सैल झाला ते सांगितलं की कळतं.

आक्षेपही एकच घ्या, पण वजनदार. भूगोलतज्ज्ञ जेम्स ब्लॉट आणि इतरांनी या मांडणीवर भौगोलिक नियतिवादाची, म्हणजे ती इतिहासाचं सगळं श्रेय भूगोलालाच देते अशी, टीका केली. तिचा कस उपसंहारात लागतो. चीन आणि युरोप एकाच युरेशियात आहेत, मग चीन मागे का पडला? तिथे लेखक वेगळंच कारण देतो: चीन लवकर एकछत्री झाला, म्हणून १४३३ नंतर दरबाराच्या निर्णयाने दूरच्या सागरी मोहिमा थांबल्या त्या थांबल्याच, युरोपात एका राजाने नाकारलेल्या कोलंबसाला दुसरा दरबार मिळाला. याचंही मूळ तो किनारपट्टीच्या आकारात शोधतो, पण हा भाग पहिल्या साखळीइतका बांधीव नाही. सारांशात तो वेगळा ठेवा. साखळीला जोडून टाकलात तर सगळ्या पुस्तकालाच तेवढा सैलपणा चिकटेल.

७. लिहून काढा

वाटण्याच्या पानाला ५०० ते ६०० शब्द. बोलताना मिनिटाला सव्वाशेच्या आत शब्द धरा. वीस मिनिटं मिळणार असतील तर पंधरा मिनिटांचंच तयार करा. क्रम असा: प्रश्न, दावा, साखळी, एक उलगडलेला पुरावा, दोन छोटे पुरावे, काय बदललं, कोणता आक्षेप उभा आहे. पुस्तकाचा क्रम विसरा.

प्रत्येक परिच्छेदात कोण बोलतंय ते दिसलं पाहिजे. लेखकाच्या म्हणण्याला ‘डायमंड यांच्या मते’, नंतरच्या संशोधनाला साल, आणि तुमच्या मताला ‘मला वाटतं’. नमुन्यादाखल रोगांवरचा परिच्छेद:

> डायमंड यांच्या मते शेतीमुळे वस्त्या दाट झाल्या आणि जनावरं घराजवळ आली. त्यातून साथीचे रोग उपजले आणि टिकले. शतकानुशतकं ते सोसलेल्या युरेशियातल्या लोकांत थोडीफार प्रतिकारशक्ती आली. अमेरिकेतल्या लोकांना ती संधी मिळाली नव्हती, म्हणून देवी आणि गोवर यांनी तिथे तलवारीपेक्षा जास्त माणसं मारली. लेखकाने रोग आणि जनावरं यांच्या लावलेल्या जोड्यांपैकी क्षय आणि मलेरियाच्या जोड्या २००२ व २०१० च्या संशोधनानंतर टिकलेल्या नाहीत. मला वाटतं, दाट वस्तीचा मुद्दा त्याने ढळत नाही. जनावरांचा मुद्दा मात्र जपून मांडायला हवा.

लिहून झालं की आकड्यांवरून हात फिरवा. पौंडांचे किलो आणि मैलांचे किलोमीटर करा. ‘१३,००० वर्षांपूर्वी’ आणि ‘इसवी सनापूर्वी ११,०००’ हा एकच काळ आहे. एका पानावर दोन्ही आले तर लोक दोन वेगळे काळ समजतात. परक्या नावांचं मराठी लेखन पानभर एकसारखं ठेवा. प्रत्येक आकड्यापुढे पुस्तकातलं प्रकरण लिहा. पानाचा क्रमांक आवृत्तीनुसार बदलतो, प्रकरणाचा बदलत नाही.

शेवटी ते पान पुस्तक न वाचलेल्या एकाला वाचायला द्या आणि दोनच प्रश्न विचारा: लेखकाला कोणतं स्पष्टीकरण मान्य नाही, आणि झेब्रा का माणसाळला नाही? पहिल्याचं उत्तर आलं नाही तर दावा पुन्हा लिहा. दुसऱ्याचं आलं नाही तर चौथ्या पायरीचं कार्ड पुन्हा उघडा.

८. बैठकीत

पान दोन दिवस आधी पाठवा, बैठकीत वाटलं तर लोक वाचत बसतात आणि तुमचं बोलणं ऐकत नाहीत. साखळीचे दुवे फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर उलट्या क्रमाने लिहा, वर काहामार्का आणि खाली जनावरं-पिकं. चर्चा भरकटली की विचारा, “हा मुद्दा कोणत्या दुव्यावर आहे?”

चर्चेसाठी प्रश्न दोनच ठेवा, आणि पुराव्याकडे परत नेणारे ठेवा. ‘पुस्तक कसं वाटलं?’ हा प्रश्न गप्पा सुरू करतो, पण त्या पुस्तकावर टिकत नाहीत. या पुस्तकासाठी पुढचे दोन चालतील. जनावरांच्या यादीतली वजनाची अट काढली तर निष्कर्ष बदलेल का? आणि आफ्रिकेत माणसाळवता येण्याजोगं एखादं मोठं जनावर होतं असं उद्या सिद्ध झालं, तर साखळीतला नेमका कोणता दुवा तुटेल?